बत्तीस हजार सातशे सदुसष्ट अधिक एक

घोडेगावच्या कॉलेजात मी सी आणि जावा या संगणकाच्या भाषा शिकवायचो. सोमवारी फळ्यावर चार ओळींचा प्रोग्राम लिहायचा आणि एकेकाला उठवून विचारायचं, आउटपुट काय? चुकला तो तास संपेपर्यंत उभा. मला त्यात मजा यायची, खोटं कशाला बोलू.

एका सोमवारी लिहिलं: int मध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या जागेत, ३२७६७, त्यात एक वाढवा, छापा. डोंगरावरच्या तळेघरहून येणारी शेवटच्या वर्षाची मुलगी म्हणाली, "३२७६८."

आमच्या लॅबमधला सीचा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम मशीनला समजेल असा करून देणारं सॉफ्टवेअर, जुनापुराणा. त्यात int दोन बाइटांचा. ३२७६७ च्या पुढे आकडा मावत नाही, तो उलट्या टोकाला जाऊन पडतो आणि उणे ३२७६८ छापलं जातं. मी म्हणालो, "उभीच राहा."

"सर, मोबाइलवर चालवून बघितला. तिथं int चार बाइटचा हाय. जावात पण चारच असतो ना?"

तिचं बरोबर होतं; चार बाइटांत ३२७६८ सहज मावतो. सीमध्ये int केवढा, हे कंपायलरवर ठरतं. जावात तो सगळीकडे चारच बाइटांचा. हे मला ठाऊक होतं. पण सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. "डोंगरावरून खाली उतरलीस म्हणून लगेच शहाणी झालीस का?" वर्ग खदाखदा हसला. मग वहीत 'उणे ३२७६८' शंभर वेळा लिहायला लावलं. तिनं लिहिलं.

मार्चमध्ये पुण्याची एक कंपनी मुलाखतीला आली. घरातून पहिली नोकरी तिलाच लागायची होती. नाही लागली तर मे महिन्यात लग्न, हे तिनेच मला सांगितलं होतं. मी कॉलेजतर्फे खोलीत बसलो होतो. कंपनीच्या साहेबांनी आधी जावाचं विचारलं: byte मध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा १२७, त्यात एक वाढवला? "उणे १२८." बरोबर. साहेब खूश. मग सी: int मध्ये ३२७६७, एक वाढवला?

तिनं माझ्याकडे पाहिलं. "उणे ३२७६८."

"अजून दोन बाइटांचा int?" साहेब हसले आणि माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही हेच शिकवता?"

आमचा कंपायलर जुना आहे, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "छे हो. पोरं कुठूनतरी पाठ करून येतात."

तिनं माझं नावसुद्धा घेतलं नाही. यादीत तिचा नंबर लागला नाही.

संध्याकाळी एसटी स्टँडवर ती दिसली. मी तोंड चुकवून निघालो होतो, पण तिनंच गाठलं. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सर, पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल हाय. तुमीच परीक्षक. हा प्रश्न आला तर काय लिहू?"

आणि मी म्हणालो, "उणे."