अब्बांच्या निरोपाच्या दोन पोस्ट

शिरोलीतल्या एका फाउंड्रीत सबिना कंपनीच्या सोशल मीडियावरच्या पोस्ट लिहायची. तिथेच तिचे अब्बा, अल्लाउद्दीन, सव्वीस वर्षं वाळूचे साचे भरत होते. साचे भरणारं नवं मशीन आलं आणि त्यांच्यासकट नऊ जणांना कामावरून काढलं.

मालक सबिनाला म्हणाले, "लिंक्डइनवर गिऱ्हाईक बघतंय, तिथं मशीन दाखव. फेसबुकवर कामगारांच्या घरची माणसं असत्यात, तिथं जरा मायेनं लिही."

लिंक्डइनवर तिने लिहिलं, "स्वयंचलित मोल्डिंग सुरू. मनुष्यबळात मोठी बचत." फेसबुकवर मालकांच्या नावाने, अब्बांचा फोटो लावून लिहिलं, "आमच्या कुटुंबातले अल्लाउद्दीनचाचा आता विश्रांती घेणार."

संध्याकाळी अब्बांनी फेसबुकची पोस्ट उघडून फोन तिच्यापुढे धरला. "बघ की, मालकांनी सोता लिवलंय. माणूस वाईट न्हाय."

"व्हय अब्बा," सबिना म्हणाली.