नाण्याचा चार्ट

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. एम.कॉम. झाले, शेअर बाजार हा विषय घेऊन झाले, आणि सुरतेत रिंग रोडवरच्या एका ब्रोकरच्या ऑफिसात डीलर म्हणून लागले. लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत हे सांगताना मी मान कधी खाली घातली नाही, आताही घालणार नाही.

बापू, म्हणजे माझे वडील, बमरोलीच्या एका कारखान्यात कापड तपासायचे. जेकार्डचा ताका दिव्याच्या काचेवरून सरकायचा आणि बापूंचं बोट चुकलेल्या धाग्यावर जायचं. डिझाइन कुठं संपतं आणि कुठून परत सुरू होतं, हे बघायची त्यांना जन्माची सवय. कापडात ते रिपीट असतंच, कारण ते कुणीतरी बसवलेलं असतं. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांच्या हातात फंडाचे पैसे आले. आम्ही वर्षानुवर्षं भाड्यानं राहत होतो ती खोली मालक विकायला तयार होता. पैसे थोडे कमी पडत होते. तेवढे बाजारातून काढू, असं बापूंनी ठरवलं आणि ते रोज माझ्या ऑफिसात येऊन ग्राहकांच्या बाकावर बसायला लागले.

स्क्रीनवरच्या चार्टकडे ते ताक्याकडे बघावं तसे बघायचे. "आठून परत चालू व्हस, माय," म्हणायचे. इथून पुन्हा सुरू होतं.

मी त्यांना शिकले होते ते सांगितलं. कंपनीबद्दल जे जे लोकांना कळलेलं आहे, ते भावात आधीच आलेलं असतं. आता भाव हलवणार ती नवी बातमी, आणि नवी म्हणजे कुणाला आधी ठाऊक नसलेलीच. म्हणून उद्याची चाल कालच्या चालीवरून ओळखता येत नाही. भाव दारू प्यायलेल्या माणसासारखा चालतो, पुढचं पाऊल कुठं पडेल ते मागच्या पावलाला माहीत नसतं.

बापू म्हणाले, "मंग तुले पगार कोन देस?"

सगळं ऑफिस हसलं. ऑफिसच्या दारावर 'रोजच्या खात्रीच्या टिप्स' असा बोर्ड होता, त्यामुळे ब्रोकर तेवढा हसला नाही.

रविवारी घरी मी एक कागद घेतला. नाणं उडवायचं, छाप आला तर रेघ एक घर वर, काटा आला तर एक घर खाली. असा पानभर चार्ट काढून बापूंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवलं आणि मधल्या एका चढावर थांबले. "हाऊ मालूम शे माले. आता वर जाई." हा चढ ओळखीचा, आता वर जाणार.

"बापू, हे नाणं आहे."

त्यांचं बोट तरी त्या चढावरून हललं नाही. आई चहा ठेवून गेली तोही निवला. मग म्हणाले, "नाण्याले भीती वाटत नही. तठे मानसं शेतस." तिथं बाजारात माणसं असतात.

हे चूक नव्हतं, आणि तीच पंचाईत झाली. ऑफिसातले काका, माझ्या शेजारच्या टर्मिनलवरचे, जुने गुजराती डीलर, वाचणारे माणूस. दुसऱ्या दिवशी बापूंनी त्यांच्यापुढे माझी तक्रार केली, तर काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, तारी चोपडी अर्धी छे. पुस्तक अर्धंच शिकलीस. बाकीची अर्धी कोण सांगणार?"

आणि त्यांनी सांगितली. चांगला निकाल लागला की भाव त्याच दिवशी पूर्ण चढायला हवा, पण नंतरचे कित्येक आठवडे तो हळूहळू चढत राहतो, म्हणजे बातमी सगळ्यांना एकदम पचत नाही. काही महिने चढलेले शेअर पुढचे काही महिने बरेचदा चढतच राहतात. भाव जेवढे उसळतात तेवढे कंपन्यांचे डिव्हिडंड कधी हलत नाहीत. फुगे येतात आणि फुटतात. आणि वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या शेअरांची टोपली घेतली, तर पुढच्या काही वर्षांत ती लाडक्या शेअरांना मागे टाकते, कारण लोक गरजेपेक्षा जास्त घाबरलेले असतात.

"हे सगळं खरं आहे," मी म्हणाले. "पण दुसरी बाजू म्हणते, मार खाल्लेले शेअर जोखमीचे असतात, जास्त मिळतं तो जोखमीचा मोबदला. भाव चुकला म्हणायचा तर बरोबर भाव कोणता ते आधी सांगावं लागतं, आणि ते सांगायच्या रीतीवरच भांडण आहे. शिवाय काका, टोपली म्हणालात ना? टोपली म्हणजे शंभर कंपन्यांचे शेअर. आणि बाजार चुकतो म्हणजे बापू बरोबर, असं होत नाही."

"ते तर मी पण नाही म्हणत," काका म्हणाले.

पण बापूंनी ऐकायचं तेवढं ऐकलं होतं. मार खाल्लेला शेअर परत वर येतो. रिपीट.

मी एका लग्नाला गावी गेले होते, त्या दोन दिवसांत त्यांनी काकांच्या टर्मिनलवरून एका रंग-रसायनाच्या कंपनीचे शेअर घेतले. कारखान्यात ते त्या कंपनीची पिंपं बघत आले होते. भाव कधीपासून घसरत होता. टोपली नाही, एकच शेअर, आणि फंडाचे सगळे पैसे. काकांनी त्यांना दोनदा विचारलं होतं म्हणे, "बापू, बधा? सगळे?" बापूंनी मान हलवली होती.

महिनाभर तो थोडा चढला. घरी पेढे आले. घरमालकाला सांगून झालं की खोली आमचीच समजा.

मग एका संध्याकाळी बातमी आली की कंपनीच्या ऑडिटरनं राजीनामा दिला, हिशेब दाखवले जात नाहीत म्हणून. सकाळी बाजार उघडताच शेअर खालच्या सर्किटला गेला. म्हणजे एका दिवसात जेवढा पडू द्यायची परवानगी तेवढा पडला आणि तिथंच अडकला. विकणाऱ्यांची रांग, घेणाऱ्यांच्या जागी शून्य. मी बापूंची विक्रीची ऑर्डर टाकली. रांगेत ती कुठं होती ते मला दिसत नव्हतं, पण माहीत होतं, पार मागे.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

बापू बाकावर बसून म्हणाले, "सकाय बी पडी."

कुणी हसलं नाही. कारण खरंच पडणार होता. ऑफिसात चहा आणणाऱ्यालाही उद्याचा भाव आजच माहीत होता. मी कॉलेजात शिकले त्याच्या अगदी उलटी गोष्ट माझ्या स्क्रीनवर रोज घडत होती. उद्या कालसारखाच, परवा उद्यासारखाच. बापूंना आयुष्यभर हवं होतं ते रिपीट अखेर सापडलं होतं, बिनचूक, धागान् धागा. आणि त्याचं काही करता येत नव्हतं. ओळखता येत होतं, विकता येत नव्हतं. समोर घेणाराच नव्हता.

"माय, मी बरोबर व्हतू," ते म्हणाले. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

खोली मालकानं दुसऱ्याला विकली. त्यानं वाट बघितली, त्याला दोष नाही. आम्ही बमरोलीला एका चाळीत आलो, बापू पुन्हा कापड तपासायला लागले, दुसऱ्या कारखान्यात, आता डोळ्यांना कमी दिसतं. सुटलेला धागा ताका पार पुढे गेल्यावर कळतो आणि सेठ ओरडतो, असं त्यांच्याबरोबरचा एक जण मला सांगत होता. बापू घरी सांगत नाहीत. घरी चार्टचा विषय निघत नाही. नाण्याचा तो कागद आईनं कपाटाच्या फळीवर अंथरलाय.

शेअर अजून खात्यात आहेत. भाव इतका खाली गेलाय की तो पाहून कुणाला भीतीही वाटत नाही. मी रोज सकाळी विकायची ऑर्डर टाकते. थोड्या वेळानं फोन वाजतो, मागे यंत्रांचा खडखडाट असतो, त्यातून बापू ओरडून विचारतात, "गयात का?"

"नाही, बापू."

"बरं," म्हणतात, आणि फोन ठेवतात.