खालील वाक्य आलंच नाही

निवृत्त झाले तरी शुद्धलेखनानं माझी पाठ सोडली नाही. भंडाऱ्यात आमच्या गल्लीत लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी माझ्या दारावरून जाते. कुणाचा अर्ज, कुणाचं निरोपाचं भाषण, कुणाच्या मुलीचा बायोडेटा. पूर्वी लोक कागद घेऊन यायचे, चहा प्यायचे आणि जायचे. आता सगळं मोबाईलवर. मला ते आवडतंच, खोटं कशाला बोलू? बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, लाल पेन हातात नसलं की बोटं शिवशिवतात.

मोबाईलवरच्या या कारभारात एक गंमत मात्र आठवड्यातून एकदा तरी होते. मेसेज येतो, ‘मॅडम, खालील वाक्यातील व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून द्याव्यात.’ मी खाली बघते. खाली काही नाही. पुन्हा बघते, चष्मा पुसून बघते. वाक्य राहून गेलेलं असतं. कधी कॉपी करतात आणि पेस्ट करायचं विसरतात, कधी फोटो अडकून पडतो, कधी भलत्याच माणसाला वाक्य जातं आणि मला नुसती विनंती येते.

आता माझं उत्तर ठरलेलं आहे. ‘तुमची विनंती मिळाली, पण वाक्य मिळालं नाही. तुमच्या कागदावर जसं आहे तसं, चुकांसकट, टाईप करून पाठवा. फोटो असेल तर पुन्हा पाठवा. ते कुणाला द्यायचं आहे आणि त्यातलं काय बदलायचं नाही, तेही सांगा.’ लोक लगेच पाठवतात, वर ‘सॉरी मॅडम’ लिहितात. काही जण आता पहिल्याच मेसेजात सगळं नीट पाठवतात, म्हणजे माझं शिकवणं अजून फुकट जात नाही.

पण हे शहाणपण मला आधीपासून होतं असं नाही. आधी माझ्या दोन तऱ्हा होत्या. मूड खराब असला की लिहायची, ‘खाली फक्त जमीन दिसते आहे.’ आणि मूड चांगला असला की वाक्य काय असेल ते ओळखायची आणि ओळखलेलं दुरुस्त करून पाठवायची. दहातल्या सात-आठ वेळा बरोबरही निघायचं. अर्जातली वाक्यं असून असून किती वेगळी असणार? त्या सात-आठ वेळांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं.

तिथून खाली आले ती एका माजी विद्यार्थिनीमुळे. साकोली तालुक्यात, एकोडीच्या पुढे एक खेडं आहे, तिथे तिला दिलेली. शाळेत असताना अक्षर मोत्यासारखं, पण उभं राहून बोलायचं म्हटलं की ओढणीचं टोक चावायची. आता तिशी ओलांडलेली, गावातल्या बचत गटाची अध्यक्ष. एका लग्नात भेटली तेव्हा म्हणाली, “बाई, आम्ही बोडीसाठी अर्ज करून राहिलो. तुम्ही एकडाव पाहून द्याल ना?” बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. मी म्हटलं, पाठव. तेवढ्यात जेवणाची पंगत बसली आणि बोलणं तिथेच राहिलं.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत अर्ज द्यायचा होता. आदल्या दुपारी तिचा मेसेज आला. ‘बाई, नमस्कार. खालील वाक्य व्याकरणाने बरोबर करून द्यावे. उद्या सकाळी द्यायचे आहे.’ खाली काही नाही.

मूड चांगला होता. आंब्याचं पन्हं नुकतंच पोटात गेलं होतं. मला वाटलं, यात विचारायचं काय? तिचं माहेर-सासर दोन्ही मासे धरणारी घरं. अशा घरातली बाई बोडीसाठी अर्ज करते म्हणजे मासेच मागणार. मी झोकात लिहून दिलं, ‘आमच्या महिला बचत गटास गावच्या बोडीत मासेमारी करण्याची परवानगी देण्यात यावी, ही नम्र विनंती.’ एकही काना-मात्रा इकडची तिकडे नाही. तिचा हात जोडलेला इमोजी आला. मी समाधानानं झोपले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात माझ्या जुन्या शाळेचं झेंडावंदन होतं. तिनं आधीच हट्ट धरला होता, “तिथवर येऊनच राहिल्या त आमच्या सभेले बसा, बाई. तुम्ही दिसल्या की मले हिंमत येते.” म्हणून गेले. ग्रामपंचायतीसमोर मंडप टाकलेला, उन्हानं नुसता तापलेला. मला पाहुणी म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली, ती मी हक्कानं घेतली. गटाच्या बाया डाव्या बाजूला सतरंजीवर. उजवीकडे मच्छीमार संस्थेचे पुरुष. बोडीतले मासे धरायचा ठेका त्यांच्याकडे होता, आणि त्यांच्यातले निम्मे त्या बायांचेच नवरे, दीर आणि सासरे होते.

सरपंचबाईंच्या शेजारी उभं राहून ग्रामसेवकानं अर्ज वाचला. माझंच वाक्य. माझ्या कानाला ते फार गोड लागलं, हे कबूल करते.

उजवीकडून एकदम आवाज चढला. “आमच्या घरच्याच बाया आमचा ठेका मांगून राहिल्या काय?” दुसरा उठला, “घरी त काही दुसरंच सांगत होत्या. कायले फसवता?” सतरंजीवरच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “मासे कोनं मांगले वो? आपन त शिंगाडा म्हटलं होतं!”

तेव्हा मला कळलं.

त्यांना बोडीचा एक उथळ कोपरा हवा होता, शिंगाडा लावायला. मासे संस्थेचे संस्थेकडेच राहणार होते. पुरुषांना आदल्या आठवड्यात घरोघरी समजावून झालं होतं, त्यांनी माना डोलावल्या होत्या. सगळं जुळलं होतं. पाऊस पडला की वेल लावायचे, आणि परवानगी आज मिळाली नाही तर पुढच्या सभेपर्यंत तो हंगाम हातचा जाणार. बायांचं वर्ष त्या एका ठरावावर होतं, आणि मी पन्हं पिऊन त्याची वाट लावली होती.

ती उभी राहिली. पदर तोंडाशी गेला होता, तो तिनं खाली घेतला. “हे वाक्य बरोबर आहे,” ती म्हणाली, “पन आमचं नाही. आमचं दुसरं होतं. माझ्याच हातून फोटो बरोबर गेला नसन. माझी चूक आहे.”

मी तिला जवळ बोलावून हळूच विचारलं, “अगं, मी मासे लिहिले ते तुला दिसलं नाही?”

“दिसलं ना, बाई.”

“मग काहून नाही विचारलंस?”

“तुम्हाले कसं इचारू? म्या म्हटलं, बाईनं काही समजूनच बदललं असन. सरकारी कागदात असंच लिहा लागत असन. बाकीच्याईनं त न वाचताच सह्या केल्या.”

तिनं मोबाईल दाखवला. विनंतीच्या खाली कागदाचा फोटो होता, आणि त्याच्यावर पुन्हा पाठवण्याचा बाण. गावात रेंज जेमतेम. मजकूर निघून गेला होता, फोटो तिथेच अडकला होता. तिच्या स्क्रीनवर वाक्य दिसत होतं, म्हणून तिला वाटलं, बाईंनाही दिसलं. आणि मला दिसलं नव्हतं, तरी मी दिसल्यासारखं उत्तर दिलं होतं.

ग्रामसेवक म्हणत होता, “अर्ज लिहून दिलेला आहे, सगळ्यांच्या सह्या आहेत. आता बदलायचा असेल तर पुढच्या सभेत आणा.” उजवीकडचे दोघे-तिघे “बरोबर, बरोबर” म्हणाले.

मला भयंकर राग आला. ग्रामसेवकाचा नव्हे, स्वतःचा. बत्तीस वर्षं मुलांना दरडावत आले, प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. आणि इथे मी प्रश्न नसताना उत्तर लिहून बसले होते, वर ही पोर माझं पाप स्वतःच्या पदरात घेत होती.

मी उभी राहिले. आवाज माझा शाळेचाच आहे, माईक लागत नाही. म्हटलं, “सरपंचबाई, चूक हिची नाही. मला वाक्य आलंच नव्हतं. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही, मनानंच लिहून दिलं. या बायांनी मासे कधी मागितलेच नाहीत. मतदान अजून झालेलं नाही. त्यांना त्यांचा अर्ज आत्ता, इथेच दुरुस्त करू द्या.”

मंडपात कुणीतरी हसलं. हसू दे. सरपंचबाईंनी संस्थेच्या म्हाताऱ्या अध्यक्षांकडे पाहिलं. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “बाया आमच्या घरी शिंगाडाच बोलल्या होत्या, हे खरं आहे. लिहू द्या.” सरपंचबाईंनी दहा मिनिटं दिली.

मी सतरंजीवर जाऊन बसले. या वेळी आधी हात पुढे केला आणि म्हटलं, “वाक्य दे.”

तिनं पिशवीतून मूळ कागद काढला. ‘आमच्या गटाच्या बायांना बोडीच्या पूर्वेकडच्या उथळ कोपऱ्यात शिंगाडा लावायले जागा देण्यात यावे ही विनंती आहे मासे जे आहे ते संस्थेचेच राहतील.’

“यातलं काय हलवायचं नाही?”

तिनं बाकीच्या बायांकडे पाहिलं. म्हातारीनं बोटांवर मोजून सांगितलं, “कोपरा. शिंगाडा. अन मासे त्यायचेच, हे त बिलकुल नाही.”

मी पेन उघडलं. किती थोडं करायचं होतं! बाया या शब्दाच्या जागी महिला लिहावं का, असं मनात आलं, तेही विचारलं. म्हणाल्या, “लिहा, कागदावर बरं दिसते.” शेवटी झालं ते असं. ‘आमच्या गटाच्या महिलांना बोडीच्या पूर्वेकडच्या उथळ कोपऱ्यात शिंगाडा लावण्यासाठी जागा देण्यात यावी, ही विनंती. मासे संस्थेचेच राहतील.’ तिनं तिच्या त्याच सुंदर अक्षरात ते उतरवलं. सह्या व्हायला लागल्या, दोघींनी अंगठे उठवले.

मी कागद ग्रामसेवकाकडे द्यायला उठले, तर तिनं माझा हात धरला. शाळेत असताना माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघणारी ही पोर, आता सरळ माझ्याकडे बघत होती.

“थांबा, बाई. आधी मोठ्यानं वाचून दाखवा. आमचंच आहे का, पाहू द्या.”

मी वाचलं. आयुष्यात इतकं सांभाळून कधी वाचलं नसेल. बाया कान देऊन ऐकत होत्या. ती म्हणाली, “हो. आता द्या.”

ग्रामसेवकानं पुन्हा वाचला. सरपंचबाईंनी विचारलं, ठराव मंजूर आहे का. डावीकडचे सगळे हात वर गेले. उजवीकडे आधी अध्यक्षांचा गेला, मग एकेक करत बाकीच्यांचे. माझाही हात कधी वर गेला मला कळलं नाही. “मॅडम, तुम्ही या गावच्या मतदार नाही,” ग्रामसेवक म्हणाला, तेव्हा कुठे मी तो खाली घेतला.