शिवकांताचा वड

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात शिवकांता मोबाइलच्या खेळासाठी रस्ता रंगवत होती. पूर्वी ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. छापील फ्लेक्स आले आणि तो धंदा बसला. मग वीरभद्रच्या छोट्या गेम कंपनीत तिनं चाळिशीत डिजिटल पेन हाती धरलं.

खेळातली एसटी पडद्याच्या मधोमध असायची, पळायची ती मागची चित्रं. रस्त्याकडेच्या बाभळी भरधाव, शेतं निम्म्या वेगानं आणि डोंगर अगदी रेंगाळत. प्रत्येक पट्टी संपली की तीच पुन्हा जोडली जायची. सांधा दिसू नये म्हणून शिवकांता चित्र अर्धं सरकवून दोन्ही टोकं मधे आणायची आणि तिथं रंग मिसळायची. हात पक्का होता बाईचा.

पण बाभळींत तिनं गावचा वड रंगवला आणि घोळ झाला.

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका दुष्काळात तिच्या घरच्यांनी अहमदपूरकडचं ते गाव सोडलं होतं. पोरगी शिवकांता एसटीच्या खिडकीशी बसली होती. बाभळी सपासप मागं गेल्या, माळावरचा वड मात्र किती तरी वेळ दिसत राहिला. गेल्या साली तो वाळून गेला आणि लोकांनी तोडला. आता खेळात तरी राहावा, एवढीच तिची इच्छा होती.

"ताई, वड काढा," वीरभद्र म्हणाला. "दर चार बाभळींमागं तोच येतोय. पट्टी फिरतेय हे शेंबडं पोरगंही सांगंल."

शिवकांताला राग आला. घरी येऊन तिनं आईपुढं, जगदेवीपुढं, मोबाइल धरला. वड आला, गेला. पुन्हा आला, गेला. म्हातारीनं तोंड फिरवलं.

"किती डाव गाव सोडायचं गं? एकदा सोडलं तेवढं बास हाय."

शिवकांतानं खेळ बंद केला. मग तिला खिडकी आठवली. वड कधी रस्त्याला होता? तो तर लांब माळावर होता!

सकाळी तिनं बाभळींतला वड पुसला आणि डोंगराच्या लांबलचक पट्टीत बोटाएवढा काढला, तिथल्याच धुरकट रंगात. वीरभद्रनं बराच वेळ बस पळवली. "हां, आता राहू द्या," म्हणाला.

संध्याकाळी जगदेवी पुन्हा मोबाइल घेऊन बसली. बाभळी पळत होत्या. वड हळूहळू, जिवावर आल्यासारखा सरकत होता. तो कडेला पोचला तशी म्हातारीनं डोळे पुसले.

"परत दिसंल का?"

"दिसंल अव्वा. पर लई येळानं."

"हाव, येऊ दे सावकाश," जगदेवी म्हणाली. "तू बस थांबवू नको."