अंगठ्याची खोड

मराठी टायपिंगच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले, तेव्हा सगळा दोष मशीनला दिला. रिबन फिकी होती, रोलर सरकत होता, शेजारची बाई फार जोरात बडवत होती. भंडाऱ्याहून पवनीला येणाऱ्या एसटीत मी हे सगळं एका अनोळखी म्हातारीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग बाकीचे पास कसे झाले वो?” मी तोंड खिडकीकडे फिरवलं. माझा स्वभाव तेव्हाही असाच तापट होता, आताही फारसा निवलेला नाही.

रागाचं कारण परीक्षेपेक्षा मोठं होतं. सात वर्षं मी गोंदियात एका बिडीच्या पेढीवर हिंदी टायपिस्ट होते. पेढीचे मालक हिंदी बोलायचे, पत्रं हिंदीत जायची, मीही हळूहळू हिंदीतच विचार करायला लागले होते. तिकडे पवनीत बाप वारला आणि आई मागावर एकटी राहिली. कोष्ट्याचं घर, एकच माग, आणि घरात बोलायला कोणी नाही. मी महिन्यातून एकदा यायची. निघताना आई फाटकापर्यंत यायची आणि दर वेळी एकच विचारायची, “आता कई येशीन?” त्या ‘कधी येशील’चा मला वीट आला होता, म्हणजे खरं तर त्याच्या उत्तराचा.

मग सत्तरचं दशक संपता संपता पवनीतच एका सरकारी कचेरीत टायपिस्टची जागा निघाली आणि मला मिळाली. पण आदेशात एक अट होती. दोन वर्षांत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर सेवा समाप्त. मी हसले होते. लिपी तीच, मशीन जवळपास तेच, भाषा तर आईच्या पोटातून आणलेली. पहिली संधी अशी हसत हसत गेली. आता मुदत संपायच्या आत एकच परीक्षा उरली होती, आणि तीही गेली तर पुन्हा गोंदियाची खोली.

नापास झाल्यावर भंडाऱ्याला ज्या सरांच्या क्लासात मी शिकवणी लावली होती, ते निवृत्त कारकून होते. कमी बोलायचे आणि लाल पेन्सिल कानावर ठेवायचे. परीक्षेचा कागद परत मिळत नाही, त्यामुळे मी कुठे मेले ते मला माहीतच नव्हतं. सरांनी एक जुना उतारा समोर ठेवला आणि म्हणाले, “मारा.” मी मारला. वेळेच्या आधी संपवला आणि ऐटीत हात मांडीवर ठेवले.

सरांनी कागद घेतला. लाल पेन्सिलीनं एक गोल केला, मग दुसरा, मग तिसरा. कागद लालेलाल झाला. मी वाकून पाहिलं तर अक्षर एकही चुकलेलं नव्हतं. “गावा साठी”, “शेतकऱ्यां ना”, “नदी वर”, “मी सुद्धा”. प्रत्येक गोल एका रिकाम्या जागेभोवती होता.

“बाई, तुम्ही शब्द काहून तोडून राहिल्या?” सर म्हणाले. “एवढी एक स्पेस, पण परीक्षक तिची पूर्ण चूक धरते.”

मग त्यांनीच विचारलं, आधी कुठे काम केलं. हिंदीत म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. हिंदीत “गाँव के लिए” हे तीन शब्द, सुटे सुटे. सात वर्षं मी “ने”, “को”, “में”, “से” यांच्या आधी स्पेसबारवर अंगठा मारत आले होते, म्हणून मराठीतही माझा अंगठा आपोआप पडत होता. सरांनी फळ्यावर “गाव” लिहिलं आणि खाली “गावा”. “गावा असं एकटं कोणी म्हणते का? साठीले जागा करून द्यायले तो गाव वाकला. आता त्याले आधार न देता सोडून दिलं तर कसं होईल?” मला पटलं. पण नदी तर वाकली नाही, मग “नदी वर” काहून चुकलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, “नाही वाकली तरी ‘वर’ तिलेच धरून आहे. वाकण्यावर जाऊ नका, धरण्यावर जा.”

पटणं वेगळं आणि अंगठा वेगळा. पुढचा महिनाभर मी स्वतःवर एवढी चिडले की उलट खड्ड्यात पडले. अंगठ्याला धाक बसला आणि तो कुठेच पडेना. “तोपुढे गेला”, “हीनदी”, “पणपाऊस आला नाही”. सर पहिल्यांदा हसले तेव्हाच. म्हणाले, “आता सगळ्यायले एका दावणीले बांधलं तुम्ही. त्याच्यापुढे, इथं पुढे जोडा. तो पुढे गेला, इथं पुढे आपल्या पायानं चालते, त्याले मोकळं सोडा.” मला हसू आलं नाही. परीक्षेला दीड महिना होता. कचेरीत हेडक्लार्क माझ्याकडे जाणाऱ्या पाहुण्यासारखं पाहायला लागले होते, निदान मला तसं वाटायचं.

घरी मशीन नव्हतं. मी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून तो मागाजवळच्या लाकडी फळीवर ठोकला होता. कचेरीतून आले की आईच्या मागे बसून उतारा मोठ्यानं म्हणायचा आणि बोटं फळीवर मारायची. बोटांचा आवाज टकटक असा हलका आणि अंगठ्याचा जड. आई धोटा फेकत असायची. तिला वाचता येत नव्हतं. सही म्हणून ती अंगठाच लावायची.

एका रविवारी सकाळी तिचा माग मध्येच थांबला. मला वाटलं सूत तुटलं. पण ती मागं वळून माझ्याकडे पाहत होती.

“तू मंधातच काहून ठोकतं?” ती म्हणाली.

“कुठं ठोकलं?”

“आता म्हटलं ना तू, तलावाच्या पाळीवरून. पाळी म्हटलं, ठप, मंग वरून म्हटलं. तसं बोलते का कोणी?”

मी चिडले. तुला यातलं काय समजते, असं तोंडावर आलं होतं. ते गिळलं, पण थोडं बाहेर पडलंच. तिनं मनावर घेतलं नाही.

“मले लिहिण्यातलं नाही समजत,” ती म्हणाली. “पण तू गावासाठी म्हणताना मंधात दम घेतं का?”

“नाही घेत.”

“मंग अंगठा काहून घेते?”

मी पुन्हा म्हणून पाहिलं. गावासाठी. मले. तुले. तिच्यासंगं. खरंच कुठेच दम घेतला नव्हता. मग “तो पुढे गेला” म्हटलं, आणि तिथे “तो” नंतर जीभ आपसूक सुटली. गोंदियात सात वर्षं मी “मले” म्हणायची लाज धरली होती. पेढीवरचे लोक हसायचे, म्हणून बोलणं घासूनपुसून घेतलं होतं. आणि आता जे फळ्यावर पटूनही अंगठ्याला समजत नव्हतं, ते त्याच “मले”त होतं. त्याला कोणी दोन तुकड्यांत म्हणूच शकत नाही. मला रडू आलं. आईला वाटलं आपल्या बोलण्यामुळे, म्हणून तिनं चहा ठेवला.

तेव्हापासून आमचा नेमच झाला. ती विणायची, मी म्हणायची आणि ठोकायची. मध्येच ठप झालं की तिचा माग थांबायचा. ती काही बोलायची नाही, नुसती थांबायची, आणि मी ती ओळ पुन्हा घ्यायची. पहिल्या आठवड्यात तिचं विणकाम पार मागं पडलं. तिनं त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही, आणि एवढी सहनशक्ती माझ्यात का आली नाही हे मला अजून कळलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सरांनी क्लासातलं मशीन सायकलरिक्षात घालून केंद्रावर आणलं. उतारा मिळाला, घंटा झाली. मी ओठ हलवत सुरू केलं. दोन ओळी झाल्या असतील, पर्यवेक्षक टेबलाजवळ येऊन म्हणाले, “बाई, तोंडानं वाचू नका. बाकीच्यांना त्रास होते.”

झालं. माझं डोकं एकदम तापलं. महिनाभराची सगळी सवय तोंडाची होती, आणि तीच यांनी बंद केली. मी ओठ मिटले आणि पुढच्याच ओळीत “कालव्याच्या” नंतर अंगठा पडायच्या ऐवजी वरच अडकला. पुढचा शब्द “काठाने” होता, म्हणजे तिथे जागा हवीच होती, पण माझी खात्री उडाली. बाकीची मशीनं धडाधड चालली होती. माझं थांबलं होतं. त्या शांततेत मला आईचा थांबलेला माग आठवला. ती रागावून थांबायची नाही, माझी वाट पाहत थांबायची. मी ओठ मिटलेलेच ठेवले आणि श्वासानं वाचलं. जिथे दम, तिथे अंगठा. उतारा संपला तेव्हा घंटेला थोडाच वेळ होता. कागद तपासायला हिंमत नव्हती, पाहिलाही नाही.

निकाल क्लासात आला. सरांनी यादीवर बोट ठेवून दाखवलं आणि कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. तेवढाच त्यांचा आनंद.

पुढे काही आठवड्यांनी हेडक्लार्कनं हातानं लिहिलेला एक मसुदा माझ्या टेबलावर टाकला. “चार प्रती काढा, साहेबांच्या सहीले पाठवायचं आहे.” मी कागद मशीनला लावला आणि वाचलं. माझ्याच कायम नेमणुकीचा आदेश होता. मराठी टायपिस्ट मीच एकटी, दुसरं कोण काढणार? मसुद्यात लिहिलं होतं: “परीक्षा उत्तीर्ण झाल्या मुळे त्यांना सेवे मध्ये कायम करण्यात येत आहे.” मी हेडक्लार्ककडे पाहिलं. ते पान लावत होते. मी “झाल्यामुळे” जोडलं, “सेवेमध्ये” जोडलं आणि चार प्रती काढल्या. पाचवी, कार्बनखालची सगळ्यात फिकी, स्वतःसाठी काढली.

संध्याकाळी ती आईसमोर धरली. आई म्हणाली, “वाच.” मी वाचायला लागले, आणि तिनं माझ्यासारखाच मागाच्या लाकडावर अंगठा ठेवला. प्रत्येक शब्द संपला की ठप. “झाल्यामुळे”, ठप. “सेवेमध्ये”, ठप. मध्ये एकदाही नाही. वाचून झाल्यावर तिनं कागद हातात घेतला, उलटा धरला, आणि बराच वेळ पाहिला.

“म्हंजे आता गोंदियाले नाही जात?” तिनं विचारलं.

“नाही जात.”

तिनं कागद माझ्या हातात दिला आणि धोटा उचलला. त्या दिवसानंतर “आता कई येशीन” हे तिनं मला कधी विचारलं नाही.