निपाणीला पाठवलेलं कार्ड

शिमगा झाला त्या आठवड्यात धाकट्या दिरांचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. मी तेव्हा बेळगावात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. निपाणीत त्यांची तंबाखूची वखार होती. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की आपण मुलींची शाळा काढतोय आणि अक्षयतृतीयेला तिचं उद्घाटन आपल्या घरच्या सूनबाईंच्या हस्ते व्हावं अशी इच्छा आहे. उलट टपाली होकार कळवावा. खाली वेगळी ओळ होती : 'आपण येणारच, हे धरून पत्रकं छापायला टाकतो.'

घरची सूनबाई! मानमोडीच्या तापाच्या साथीत माझा नवरा गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पुढं दोन वर्षांनी नणंदेचं लग्न निघालं. महिनाभर मी शेवया वळल्या, रुखवताची कापडं शिवली. हळदीच्या सकाळी हेच दीर चारचौघांत म्हणाले, "वैनी, तुमी परसात बसा. बायकांच्या म्होरं येऊ नका." मी गोठ्याशेजारी बसून सनई ऐकली. लग्न उरकल्यावर चौथ्या दिवशी माझी ट्रंक बैलगाडीत चढवली आणि मला बेळगावला भावाकडं धाडलं. भावानं मला शिकवलं, म्हणून मी उभी राहिले.

त्या रात्री मी आठ पानं लिहिली. सगळं लिहिलं, अगदी गोठ्यातल्या माशासुद्धा. सकाळी वाचलं तर माझं मलाच रडगाणं वाटलं. तो माणूस ही पानं लोकांना दाखवून म्हणेल, 'बिचारी अजून कुढते आहे.' पानं चुलीत घातली.

मग सबब शोधू लागले. ताप आला म्हणावं, तर ते डॉक्टर घेऊन मोटार धाडतील. शाळेत परीक्षा म्हणावं, तर तारीख पुढं ढकलतील. कारण दिलं की ते दूर करायची वाट समोरच्याला मिळते. कारणच नसलं तर तो काय दूर करणार?

तेव्हा मी गप्प बसले. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र आलं, त्याच्यासोबत छापलेलं पत्रकही. माझं नाव ठळक अक्षरांत. मी ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि मुलींना भूगोल शिकवायला गेले. खोटं का बोलू, ते आठवडे फार सुखात गेले.

उत्तर मुळीच दिलं नसतं, तर पत्र गहाळ झालं असं म्हणायला त्यांना जागा राहिली असती. लवकर दिलं असतं, तर दुसरं कुणी मिळालं असतं. अक्षयतृतीयेला पाच दिवस उरले तेव्हा मी लिहायला बसले. पाकीट नव्हे, साधं कार्ड घेतलं. वखारीत दिवाणजी सकाळचं टपाल सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो, हे मला ठाऊक होतं.

'स. न. वि. वि. आपलं निमंत्रण मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. मला येता येणार नाही. कळावे.'

तिसऱ्या दिवशी दुपारी दीर स्वतः शाळेच्या दारात उभे. टोपी हातात, कपाळावर घाम.

"वैनी, असं कसं? गावभर पत्रकं वाटली."

"माझा होकार येण्याआधीच छापलीत."

"कारण तरी सांगा. लोक इचारत्यात, काय सांगू मी?"

"कार्डात लिहिलंय तेवढंच सांगा."

"त्यात कायच न्हाय लिवलेलं!"

"क्षमा मागितली आहे ना."

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. हळदीची सकाळ त्यांना आठवली की नाही, मला सांगता यायचं नाही. मला हवं होतं की आठवावी, आणि त्यांनी ती तोंडानं बोलून दाखवावी. ते शिपायानं आणलेलं पाणी न पिताच परत गेले.

उद्घाटन मामलेदारांच्या पत्नीनं केलं. कार्यक्रमात बायकांची कुजबूज सारखी चालली होती, असं दिरांच्या बायकोनं, माझ्या जाऊबाईनं कळवलं. तिचं पत्र वाचताना मात्र माझा आनंद थोडा आटला. 'आक्का, तुमाला बोलवा म्हणून मीच हट्ट धरलता,' असं तिनं लिहिलं होतं. 'येवढ्या वर्षांनी तुमी आमच्या उंबऱ्याच्या आत याल वाटलं.'

तिला मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं, चार पानी, पाकिटातून. त्यात सारी कारणं होती. पुढं ती दर उन्हाळ्यात माझ्याकडं आठ दिवस राहायला येई, दिरांना न विचारता. दीर मात्र वारेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलायला गेले नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.