वरच्या दोन ओळी

आमच्या अंधेरीच्या ऑफिसातून स्वयंपाकघरातली लहानसहान यंत्रं विकतात. ती कशी वापरायची याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात आणि त्यांच्याखालचा मजकूर मी लिहिते. लोकांना हे काम फुटकळ वाटतं. पण पहिला टाइमस्टॅम्प, म्हणजे कितव्या मिनिटाला काय ते सांगणारा आकडा, ०:०० नसेल तर व्हिडिओचे भाग पडतच नाहीत. खरेदीची लिंक पूर्ण लिहिली नाही तर ती दाबता येत नाही. आणि वरच्या दोन ओळी फिक्या असतील तर पुढचं कोणी उघडून बघत नाही. या दोन ओळींसाठीच मला पगार मिळतो, असं मी मिरवायचे.

माशांचे खवले काढायचं बॅटरीवरचं यंत्र आलं, तेव्हा व्हिडिओसाठी बोलावलेली मुलगी मासा दोन बोटांत धरून किंचाळत होती. मी म्हटलं, माझ्या आईला आणते. आई गोराईची कोळीण, बोरिवलीच्या बाजारात मासे विकते. ती स्वतःचा जिताडा घेऊन आली, धुतलेलं लुगडं नेसून, दोन्ही हातांत हिरवा चुडा. यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि शेपटीकडून डोक्याकडे असं चालवलं की कॅमेरावाला बघतच राहिला. व्हिडिओत नुसते तिचे हात आहेत. तरी तिला वाटत होतं की आपण सिनेमात काम केलं.

मजकूर लिहायला बसले. पहिल्यांदा लिहिलं, खवले काढायचा सोपा मार्ग. मॅनेजर म्हणाली, "हे काय गं, पाटी लावल्यासारखं! बाईला कशाची लाज वाटते ते सांग ना." मला ते झटकन सुचलं. एवढं झटकन सुचलं, याचीच आता जास्त लाज वाटते.

"मासे साफ केले की हाताला कोळणीसारखा वास येतो?
आता नाही! खवले झटपट निघतील, हात स्वच्छ राहतील."

त्याखाली खरेदीची लिंक. मग ०:०० यंत्र चार्ज करणं, ०:४० मासा धरायची पद्धत, १:१५ शेपटीकडून डोक्याकडे, ३:०५ यंत्र धुणं. सगळं दोनदा तपासलं. मॅनेजरने "झकास" म्हणून पाठवलं. ज्या हातांच्या वासावर पहिली ओळ होती, १:१५ ला तेच हात होते, आणि दोनदा तपासताना मला ते एकदाही दिसलं नाही.

व्हिडिओ लागल्या लागल्या मी लिंक आईला पाठवली. तिने ती न वाचताच बाजारातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकली. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की चित्राखाली मथळा येतो आणि मथळ्याखाली वरची ओळ. बायकांनी चुड्यावरून हात ओळखले, आणि मग ती ओळ वाचली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात तिचे होते आणि दाखवणारी मी.

संध्याकाळी आई खाडीच्या बोटीतून उतरून घरी आली, टोपली ठेवली, आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "ह्ये तू लिवलंस काय गो?"

मी म्हटलं, "ऑफिसात तसं लिहावं लागतं."

"त्यांनी लिवलं असंल, असं मी त्या समद्या बायकांना सांगितलं," ती म्हणाली. "माझी पोरगी असं लिवनार नाय."

मग तिने हात धुतले. नेहमीसारखेच, पण जास्त वेळ. मी तिथेच उभी होते. ज्या वासावर माझ्या शाळेची फी भरली गेली, त्याला मी नाक मुरडलं होतं, तेही गिऱ्हाइकाला खूश करायला.

मजकूर बदलणं सोपं होतं. त्याच रात्री ती ओळ काढून दुसरी टाकली. मॅनेजर कुरकुरली, पण ऐकलं. बायकांच्या ग्रुपवर मात्र जुनीच ओळ राहिली. एकदा पाठवलेल्या लिंकखालची ओळ व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा बदलत नाही.

पुढचा व्हिडिओ कोलंबी सोलायच्या यंत्राचा होता. मी आईला विचारलंसुद्धा नव्हतं, तोंड कुठे होतं मला? मॅनेजरनेच तिला परस्पर फोन केला आणि ती आली. तेच लुगडं, तोच चुडा. पिशवीतून तिने पिवळे रबरी हातमोजे काढले, किमतीची चिठ्ठी अजून तशीच होती, आणि चुड्यावरून ओढून ओढून चढवले.

"आई, काढ ना ते," मी म्हटलं.

"असूदे," ती म्हणाली. "तुझ्या हापिसात बरं दिसंल."

कोलंबी तिच्या हातातून सारखी निसटत होती. मॅनेजर म्हणाली, किती स्वच्छ दिसतंय, वरच्या ओळीत हेच घे.